आवाज कटत होता

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. वैशालीला, माझ्या बायकोला, अर्धी माहीत आहे. म्हणजे तिला वाटतं की पूर्ण माहीत आहे, आणि मी तिला तसं वाटू दिलंय. दोनदा तिच्यासमोर सांगायला बसलो होतो. दोन्ही वेळा पाणी मागितलं आणि ते पिऊन उठलो. तुम्ही मला ओळखत नाही. कदाचित म्हणूनच तुमच्याजवळ बोलणं जमतंय.

कुठून सुरू करू? मी घरी का बसलो तिथूनच करावं लागेल.

अमरावतीला असताना मी एका बियाणे कंपनीत होतो. दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर — दिवसभर मोटरसायकलवर, कृषी केंद्रवाल्यांच्या काउंटरवर चहा, शेतात पीक पाहणी. वैशाली पाटबंधारे खात्यात अभियंता. आमची गार्गी अकरा महिन्यांची असताना पाळणाघरात जायला लागली, आणि पुढच्या सात-आठ महिन्यांत तिला तीनदा न्यूमोनिया झाला. तिसऱ्या वेळी तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले, तीन वर्षांची होईस्तोवर हिला गर्दीत ठेवू नका. माझी आई आधीच गेलेली. सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. त्याच महिन्यात वैशालीची अकोल्याला बदली झाली.

तिची नोकरी सरकारी, माझी खासगी. नोकरी कुणी सोडायची हे ठरवायला आम्हाला पंधरा मिनिटं लागली. लोकांना काय सांगायचं हे ठरवायला तीन आठवडे लागले.

शेवटी मीच सुचवलं — कंपनीनं वर्क फ्रॉम होम दिलंय म्हणू. शेतकऱ्यांना ऑनलाइन सल्ला देतो, असं. वैशाली म्हणाली होती, "कशाला? खरं सांगितलं तर काय होते?" मी चिडलो तिच्यावर. तिला काय जात होतं? तिला कुणी विचारणार नव्हतं की तू दिवसभर करतेस काय.

तर अकोल्यात, गोरक्षण रोडच्या बाजूच्या एका कॉलनीत, मी रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून घरकाम करायचो. हसू येईल तुम्हाला, पण खरंच. भांड्यांना एक मावशी यायच्या, दहाच्या सुमारास. त्या आल्या की मी लॅपटॉप उघडून बसायचो. त्या गेल्या की उठून वरणाला फोडणी. वैशालीचे, गार्गीचे कपडे मी धुवायचो, पण वाळत घालायचो आतल्या खोलीत, दोऱ्या बांधून, कूलरच्या वाऱ्यावर. गच्चीवर नाही. गच्चीवर समोरच्या घरातून दिसतं.

काम मला यायला लागलं होतं. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. गार्गीला दुपारी झोपवायचं तर साडेअकराच्या आत जेवण व्हायला पाहिजे, बारा वाजले की ती झोपेच्या पलीकडे जाते आणि मग चारपर्यंत घर डोक्यावर. तिच्या छातीतली घरघर मला दाराच्या पलीकडून ओळखू यायची — साधी सर्दी की वाफ द्यायची वेळ. लसीकरणाचं कार्ड मला पाठ होतं. पण दवाखान्यात कंपाउंडर विचारायचा, "मम्मी नाही आल्या?" आणि मी म्हणायचो, "ती ड्युटीवर आहे, म्हणून आज मी आलो." आज! प्रत्येक वेळी मी आजच आलेला असायचो.

एकदा माझे बाबा गावाहून आले होते. आमचं गाव दर्यापूरजवळ, घरची काळी जमीन, बाबांचा अजून शेतावर वावर. ते बाहेरच्या खोलीत बसलेले, म्हणून मी आतल्या खोलीत जाऊन दार लावलं, कानात इअरफोन घातले आणि कुणीच नसलेल्या फोनवर सोयाबीनच्या पिवळेपणाबद्दल बोलत राहिलो. गार्गी बाहेर दार बडवत होती. "पप्पा, पप्पा" — रडून रडून तिला उलटी होईल असं मला कळत होतं, कारण तिचं रडणं मलाच कळायचं. मी बोलत राहिलो. जवळपास अर्धा तास. बाबा तिला कडेवर घेऊन फेऱ्या मारत होते, आणि दार उघडलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "लय काम हाय रे तुले." त्यांच्या आवाजात कौतुक होतं. त्या कौतुकासाठी मी पोरीला रडवलं होतं.

पण सांगायचंय ते हे नाही. बघा, मी पुन्हा बाजूनं जातोय.

सांगायचंय ते मनोजबद्दल.

गार्गी साडेतीन वर्षांची झाली आणि आम्ही तिला नर्सरीत घातलं. शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोरच्या कडुनिंबाखाली सगळ्या आया उभ्या राहायच्या. मी दूर, गाड्यांच्या स्टँडजवळ, फोन कानाला लावून. फोनवर कुणी नसायचं. आणि त्या बायकांच्या मधोमध एक माणूस उकिडवा बसून आपल्या मुलीची सुटलेली वेणी घालत असायचा. दातांत रबर बँड, हातात बारीक कंगवा. बायकांशी भाजीच्या भावापासून पोरांच्या जंतांपर्यंत सगळं बोलायचा. तोच मनोज. त्याची मुलगी तनू गार्गीच्याच वर्गात.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो माझ्याकडे आला. "भाऊ, तुमी बी घरीच असता काय?"

"वर्क फ्रॉम होम," मी म्हणालो.

"मी तं नुसताच होम," तो म्हणाला आणि मोठ्यानं हसला.

मला त्याचा राग आला होता. इतक्या सहज कसं म्हणतो हा? आधी तो ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला होता. बायको सुनीता दवाखान्यात स्टाफ नर्स — सकाळ, दुपार, रात्र अशी फिरती ड्युटी. दोघांची घरं दूर, सासर-माहेर दोन्ही दर्यापूरकडं, फुलांचे अन् भाजीचे मळे. तनूला सांभाळायला कुणीच नव्हतं, म्हणून तो थांबला. एवढीच त्याची गोष्ट. माझ्यासारखीच की नाही? फक्त त्यानं ती लपवली नाही.

लोक त्याला बोलायचे. पानठेल्यावर त्याला "वहिनी" म्हणायचे, हे मी स्वतः ऐकलंय. त्याचा साळा घरी आला की चपला न काढता दारातूनच बोलायचा. आणि बायका? फाटकाजवळ त्याच्याशी हसून बोलणाऱ्याच, पण वाढदिवसाला तनूला बोलवायचं तर "सुनीताताईंना पाठवा हं सोबत" असं म्हणायच्या. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, "मम्मीज" नावाचा. त्यात त्याला घेतलंच नव्हतं. उद्या ड्रॉइंगची वही आणायची की पिवळा रुमाल, हे त्याला सुनीता ड्युटीवरून कळवायची — वेळ मिळाला तर.

मी त्याच्या घरी जायला लागलो. तो राहायचा जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडं, एका गल्लीत भाड्याच्या दोन खोल्या. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. हे मुद्दाम सांगतोय. तो आमच्या कॉलनीत कधी आला नाही, कारण मी कधी बोलावलं नाही. दुपारी मुली खेळायच्या आणि आम्ही दोघं लसूण सोलत बसायचो. वेणी घालायला मी त्याच्याकडूनच शिकलो — आधी तेल, मग कंगव्याच्या टोकानं भांग, आणि ओढायचं नाही. उलट्या झाल्या की पेलाभर पाणी द्यायचं नाही, चमच्या-चमच्यानं, मध्ये थांबून थांबून, हेही त्याचंच. सुनीतानं त्याला शिकवलेलं.

एकदा गार्गीला ताप होता, वैशाली दौऱ्यावर होती, मी दोन दिवस नीट झोपलो नव्हतो. त्याच्या घरी बसल्या बसल्या माझा बांध फुटला. सांगून टाकलं. कंपनी नाही, मीटिंग नाही, काही नाही. मी बायकोच्या पगारावर बसलेला माणूस आहे.

तो म्हणाला, "मले पहिल्याच दिवशी समजलं होतं बाप्पा. फोनचा डिस्प्ले बंद होता तुमचा, अन् तुमी बोलून राहिले होते." मग म्हणाला, "अन् बसलेले कुठं आहोत आपण? सकाळपासून बसायले भेटलं काय तुमाले?"

"कुणाले सांगू नको, मनोज."

"मी काहून सांगू? तुमची गोष्ट हाय. तुमाले वाटंल तवा तुमी सांगा."

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर माझ्या वागण्याचं वजन तुम्हाला कळणार नाही. मनोज दुसऱ्यांच्या मुलींच्या बाबतीत फार जपून असायचा. घरात पोरी असल्या की दार उघडं. दुसऱ्याच्या पोरीला शू लागली, काही सांडलं, कपडे ओले झाले, तर आधी तिच्या घरी फोन. मी एकदा म्हटलं, एवढं काय त्यात? तर तो म्हणाला, "बाईनं केलं तं माया म्हणतात, भाऊ. आपण केलं तं पाहतात. आपल्याले विचारूनच करा लागते." हे म्हणताना तो हसत नव्हता.

आता ते. गार्गी ज्युनिअर केजीत होती. शनिवार होता.

अमरावतीला माझ्या जुन्या कंपनीतल्या लोकांचं गेट-टुगेदर होतं, बडनेरा रोडवरच्या एका हॉटेलात. माझ्या हाताखालचा पोरगा एरिया मॅनेजर झाला होता. मला जायचं होतं. का? कुणाला पाहायला नाही — स्वतःला दाखवायला जायचं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून चार माणसांत उभं राहून "सध्या कन्सल्टिंग करतो" असं म्हणायचं होतं. वैशालीच्या साइटवर त्या दिवशी वरिष्ठ येणार होते, तिला सुट्टी मिळणार नव्हती. मी तिला सांगितलं, जात नाही. आणि सकाळी मनोजला सांगितलं, गार्गीला शाळेतून घे, संध्याकाळपर्यंत तुझ्याकडे ठेव. मूल न्यायला फाटकावर दाखवावं लागतं ते शाळेचं पालक-कार्ड मी त्याच्या हातात दिलं. तो म्हणाला, "वहिनींले माहीत हाय ना?" मी म्हणालो, हो.

एकच्या सुमारास त्याचा फोन आला. मी टेबलावरून उठून बाहेर पोर्चमध्ये गेलो. ऑटोत गार्गीला उलटी झाली होती, सगळा युनिफॉर्म भरला होता. तो म्हणाला, "भाऊ, अंगावरचं बदलावं लागंल. तुमाले विचारतो. धुऊन तनूचा फ्रॉक घालू काय?"

मी म्हणालो — शब्द न् शब्द आठवतो मला — "अरे बदल ना बाप्पा, विचारतो काय! अन् चमच्यानं पाणी दे." मग त्यानं फोन गार्गीला दिला. "पप्पा, मी उलटी केली," ती म्हणाली. मी म्हणालो, "काका सांगतील तसं कर बेटा. काकांचं ऐक." सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. पोर्चमध्ये कुणी नव्हतं. ती नाक ओढत होती तेसुद्धा ऐकू येत होतं.

फोन ठेवून मी आत गेलो. कुणीतरी विचारलं, कोण? मी म्हणालो, क्लायंट.

त्याच दुपारी वर्गातल्या एका मुलीची, रियाची, आई मनोजच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या बाईकडे आली होती. उघड्या दारातून तिला दिसलं — गार्गी रडवेली, तनूच्या फ्रॉकमध्ये, आणि मनोज नळावर तिचा युनिफॉर्म धूत होता. तिनं विचारलं, त्यानं सांगितलं. तिनं ग्रुपवर लिहिलं की आपल्या वर्गातली एक मुलगी त्या तनूच्या पप्पांच्या घरी आहे, घरात बाई कुणी नाही, कपडे बदललेले आहेत, तिच्या मम्मीला माहीत आहे का? तिला मी दोष देत नाही. तिनं विचारलं होतं. उत्तर माझ्याकडे होतं आणि मी त्या ग्रुपमध्ये नव्हतो.

वैशालीनं साइटवर ते वाचलं, आणि तिचा फोन आला तेव्हा मी परतीच्या बसमध्ये होतो, मूर्तिजापूरच्या अलीकडे. तिला मी अमरावतीला आहे हेच माहीत नव्हतं. "गार्गी कुठे आहे?" ती म्हणाली. आणि मला पहिली भीती वाटली ती गार्गीची नाही, माझी. की आता मी पकडला गेलो. म्हणालो, "एका कामासाठी माणसाला भेटायला अमरावतीला यावं लागलं अचानक, म्हणून मनोजला फक्त शाळेतून आणायला सांगितलं होतं." "आणि कपडे?" "त्याबद्दल मला काही माहीत नाही."

बस. तिथंच झालं ते. बसच्या खिडकीजवळ, एका वाक्यात. तेव्हा मी ठरवून नव्हतो बोललो. पण सोमवारपर्यंत माझ्याकडे दोन रात्री आणि एक अख्खा रविवार होता. तो मी काही न बोलता घालवला.

त्या संध्याकाळी गार्गीला घरी आणल्यावर वैशालीनं तिला जवळ घेऊन हळूच सगळं विचारलं. काकानं काय केलं? काकानं धुतलं, तनूचा फ्रॉक दिला, साखरेचं पाणी दिलं, खिचडी मागितली तर नाही दिली. वैशालीचा जीव भांड्यात पडला. ती मला म्हणाली, "काही झालं नाहीये हो. चांगलंच केलं त्यांनी. मी ग्रुपवर तसं लिहिते." मी तिला लिहू दिलं नाही. म्हणालो, आपलं नाव कशाला ओढून घ्यायचं, शाळा बघेल. मग ती म्हणाली, "पण गार्गी म्हणते, पप्पा फोनवर बोलले. काकांचं ऐक म्हणाले."

मी म्हणालो, "लहान आहे ती. गोंधळली असेल."

गार्गी तिथंच होती. माझ्याकडे पाहत होती. "बोलला होता ना पप्पा?" ती म्हणाली. मी तिला म्हणालो, "नाही बेटा. ते आपण दुसऱ्याच कुठल्या तरी दिवशी बोललो होतो." साडेचार वर्षांच्या मुलीला मी तिच्या स्वतःच्या आठवणीबद्दल खोटं पाडलं. ती थोडा वेळ विचार करत बसली, आणि मग तिनं मान हलवली. मानली तिनं.

सोमवारी शाळेनं बोलावलं. मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका, रियाची आई आणि आणखी एक पालक. वैशाली आणि मी. मनोज आणि सुनीता — ती रात्रपाळी करून थेट आलेली, युनिफॉर्मवरच, डोळे लाल. मनोजच्या हातात माझं पालक-कार्ड होतं. त्यानं ते टेबलावर ठेवलं. मग फोन काढून दाखवला. "हे पाहा मॅडम. एक वाजून सात मिनिटं. चार मिनिटं बोलणं झालं. भाऊंनं सांगितलं तसंच केलं मी."

मुख्याध्यापिका माझ्याकडे वळल्या. सभ्यपणे म्हणाल्या, "एवढंच विचारायचं होतं सर. तुम्ही सांगितलं असेल तर विषय इथेच संपतो."

इथेच संपतो. असं म्हणाल्या त्या. एक "हो" पुरे होतं. पण त्या "हो"नंतर कोणीतरी विचारलं असतं — मग तुम्ही कुठे होता? दिवसभर मुलीला कोण सांभाळतं? आणि तुम्हीही तसेच का — याच्यासारखे? त्या खोलीत सगळे जण मनोजकडे ज्या नजरेनं बघत होते, ती नजर माझ्यावर येईल, याची मला भीती वाटली. वैशालीची नाही, पोलिसांची नाही. त्या नजरेची.

मी म्हणालो, "मॅडम, मी मीटिंगमध्ये होतो. फोन आला होता, पण आवाज कटत होता. शाळेतून आणायला सांगितलं होतं मी. कपड्यांचं मला माहीत नाही."

चार मिनिटं आवाज कटत होता आणि मी फोन ठेवला नाही — हे कुणीच विचारलं नाही. मीटिंग म्हटल्यावर सगळ्यांनी मान डोलावली. रियाची आई माझ्याकडे सहानुभूतीनं पाहत होती. वैशालीनं मान खाली घातली, कारण मीटिंगला जाण्यासारखी नोकरीच मला नाही हे तिला माहीत होतं. बाकीचं तिनं खरं मानलं.

मनोज माझ्याकडे वळला. "भाऊ, तुमी म्हटलं ना, बदल म्हणून? पोरीशी बोलले ना तुमी?"

"मला असं काही आठवत नाही."

सुनीतानं त्याच्या दंडाला धरून हलवलं. "अहो, बोला ना! बोलत काहून नाही तुमी?"

त्याच्याजवळ बोलण्यासारखं होतं. कसली मीटिंग, हा माणूस तर माझ्यासारखाच घरी असतो, आम्ही दोघं दुपारी लसूण सोलतो — एवढं म्हणाला असता तर माझं सगळं तिथंच कोसळलं असतं आणि तो सुटला असता. मी वाट पाहत होतो की तो म्हणेल. कदाचित मला ते हवंही होतं, कोण जाणे. त्यानं फोन खिशात ठेवला. म्हणाला, "जाऊ दे सुनीता. भाऊ मीटिंगमधी होते."

मी त्याला सांगितलं होतं ना, कुणाला सांगू नको? त्यानं नाही सांगितलं.

त्याच्यावर तक्रार वगैरे झाली नाही. कारवाई करण्यासारखं काही नव्हतंच. फक्त शाळेनं त्याला कळवलं की यापुढे तनूला घ्यायला आईनं किंवा घरातल्या बाईनं यावं, इतर पालकांना बरं वाटत नाही. स्वतःच्या मुलीला घ्यायला त्यानं फाटकावर यायचं नाही. सुनीताची आठवड्याआड सकाळची ड्युटी — ती साडेबाराला कशी येणार? तनू काही दिवस आली, काही दिवस नाही. ज्या दिवशी सुनीताला उशीर व्हायचा त्या दिवशी ती पोरगी ऑफिसबाहेरच्या बाकावर बसलेली असायची, दप्तर मांडीवर, आणि मनोज रस्त्याच्या पलीकडं उभा असायचा. तिथून हात हलवायचा. ती हात हलवायची. मी गार्गीला घेऊन त्यांच्या मधून जायचो. सगळ्या आया मला जागा करून द्यायच्या. "सर, आज लवकर सुटले वाटतं?" मी म्हणायचो, हो.

गार्गी विचारायची, तनूकडे कधी जायचं? मी सांगायचो, त्यांना काम आहे.

दिवाळीनंतर तनूचं नाव पटावर नव्हतं. मनोज तिला घेऊन दर्यापूरकडं, वडलांच्या मळ्यात गेला. सुनीता अकोल्यात एकटी, दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये, सुट्टी मिळेल तसं जाऊन येणारी. हे मला वर्गशिक्षिकेकडून कळलं. मी एकदाही फोन केला नाही. त्याचाही आला नाही.

मी आजही घरीच असतो. आजही कुणी विचारलं की कन्सल्टिंग म्हणतो. ते बदललंय असं तुम्हाला वाटू नये.

त्याची भेट झाली ती दीडेक वर्षानं. गार्गी तेव्हा सहा वर्षांची होती. बाबांना भेटून आम्ही दोघं अकोल्याला परतत होतो, दर्यापूरच्या स्टँडवर बसची वाट पाहत. पलीकडं एका जीपच्या टपावर तो शेवंतीची बारदानं चढवून देत होता. काम संपवून नळावर हात-पाय धुतले, रुमालानं पुसले, आणि वळला तर समोर आम्ही. गार्गीनं त्याला माझ्या आधी ओळखलं. "मनोजकाका!" म्हणून ती धावत सुटली, दोन्ही हात वर करून, पूर्वी उचलून घ्यायचा तशी.

मनोजनं दोन्ही हात पाठीमागे नेले. एक पाऊल मागे सरला. भरल्या स्टँडवर, उजेडात, तो हात पाठीशी धरून उभा राहिला आणि तिच्याकडे पाहून हसला. "केवढी मोठी झाली वं तू," म्हणाला. "जा बेटा, पप्पाजवळ जा."

मग माझ्याकडे पाहून, "बरं हाय ना भाऊ? वहिनी बऱ्या आहेत?" मी म्हणालो, हो. मी विचारलं, तनू? "पहिलीत हाय. आजीजवळ राहते. आईची आठवण काढते." तो एवढंच म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. असता तर मी काहीतरी बोललो असतो असं मी स्वतःला सांगतो. जीपवाल्यानं हॉर्न दिला आणि तो गेला. माझ्याजवळ पुरतं एक मिनिट होतं. वैशाली तिथं नव्हती, शाळा नव्हती, ओळखीचं कुणी नव्हतं. मी माफ कर म्हणालो नाही.

बसमध्ये गार्गी खिडकीशी बसली होती. मग तिनं विचारलं, "काकानं मला उचललं का नाही?"

मी म्हणालो, "त्याचे हात मातीनं भरले होते."

त्याचे हात स्वच्छ होते. आम्ही दोघांनीही ते पाहिलं होतं.